आईचं वय कमी का असतं, तर हिरोचं वय लपवायचं असतं म्हणून

«हिरोईन चाळिशीनंतर गायब होतात म्हणून रडणाऱ्यांना एवढंच सांगतो. १) हा धंदा आहे, पब्लिकला जे बघायचंय तेच दाखवणार. २) पुरुष वयाबरोबर रुबाबदार होतो, बाईचं तसं नसतं, हा निसर्ग आहे. ३) आईचे, सासूचे रोल मिळतातच की, वयाप्रमाणे काम. ४) अर्ध्याजणी तर लग्न करून स्वतःच सोडून जातात. ५) पिक्चर बघून कोणी म्हातारं व्हायला शिकत नाही, उगाच समाजाला मध्ये आणू नका.»

ही पोस्ट मला आठवड्याभरात चार ग्रुपवर आली, त्यातला एक आमच्या माहेरच्या नातेवाईकांचा आणि तिथे तर माझ्या चुलतभावानेच टाकली, खाली सोळा अंगठे. मी केशभूषा करते, सेटवर नुसतं 'हेअर' म्हणतात, मालिका आणि सिनेमे मिळून एकोणीस वर्षं झाली. त्यामुळे तिसऱ्या मुद्द्यापासूनच सुरू करते, कारण ते काम माझ्या हातून होतं.

तिसरा मुद्दा. यातला 'वयाप्रमाणे' हा शब्द मला खटकला. वयाप्रमाणे काम मिळत असतं तर मी ही पोस्ट लिहिलीच नसती.

रीमाताई लागूंपासून बघू, कारण आपल्यातल्या बहुतेकांच्या डोक्यात 'सिनेमातली आई' म्हटलं की त्यांचाच चेहरा येतो. त्यांचा जन्म जून १९५८ चा. 'कयामत से कयामत तक' १९८८ चा, त्यात त्या जुही चावलाची आई, वय २९, आणि जुही २० वर्षांची. 'मैंने प्यार किया' १९८९ चा, त्यात सलमानची आई, वय ३१, सलमान २४. आणि मग 'वास्तव', १९९९, त्यात संजय दत्तची आई, आणि संजय दत्तचा जन्म जुलै १९५९ चा. म्हणजे आई मुलापेक्षा तेरा महिन्यांनी मोठी. याच रीमाताई त्याआधी मराठी रंगभूमीवर 'पुरुष' करत होत्या, नाना पाटेकरांसमोर उभं राहून, आणि ते नाटक ज्यांनी पाहिलंय त्यांना विचारा की ही बाई काय ताकदीची होती. तिशी ओलांडायच्या आत हिंदीने तिला पदर डोक्यावर देऊन स्वयंपाकघरात उभं केलं आणि शेवटपर्यंत बहुतेक तिथेच ठेवलं.

आता सोनाली कुलकर्णी. जन्म नोव्हेंबर १९७४. 'मिशन काश्मीर' २००० साली आला, त्यात ती हृतिक रोशनची आई आहे, दत्तक घेणारी आई. हृतिक जानेवारी १९७४ चा. आई मुलापेक्षा दहा महिन्यांनी लहान! रिलीजच्या वेळी तिला २६ पूर्ण व्हायचे होते. मुलाच्या वाट्याला प्रीती झिंटा, गाणी, शिकारा, आणि जवळजवळ त्याच्याच वयाच्या मुलीच्या वाट्याला ४१ वर्षांच्या संजय दत्तची बायको आणि या मुलाची अम्मी. परत २०१९ मध्ये 'भारत', यावेळी ती सलमानची आई, सलमान तिच्याहून जवळजवळ नऊ वर्षांनी मोठा.

'भारत'बद्दल कोणी म्हणेल की अहो गोष्ट १९४७ पासून सुरू होते, फाळणीच्या वेळची आई तरुणच दिसायला हवी ना, मग तरुण नटी घेऊन तिला पुढे म्हातारी केली. बरोबर आहे, हे कारण खरं आहे आणि मी ते मान्य करते. पण मग त्याच सिनेमात सलमान बघा. तो तेव्हा ५३ वर्षांचा, आणि तो पडद्यावर विशीतला सर्कसवाला पण होतो, मधल्या वयाचा पण होतो आणि सत्तरीचा म्हातारा पण होतो. म्हणजे माणसाला तीस वर्षं लहान करणं मेकअप-कॅमेऱ्याला जमतं, वीस वर्षं मोठं करणं पण जमतं. मग ५५ वर्षांच्या नटीला घेऊन तिला सुरुवातीच्या दोन-चार सीनमध्ये पंचविशीची करणं का कोणाच्या मनात येत नाही? तंत्र तेच आहे, ते वापरायचं कोणासाठी हे आधीच ठरलेलं असतं.

आणि हे आजचं नाही. आपल्या सुलोचनादीदी, खडकलाटच्या, भालजी पेंढारकरांकडे शिकून तयार झालेल्या, १९२८ चा जन्म. 'जॉनी मेरा नाम'मध्ये, १९७० साली, त्या देव आनंदच्या आई आहेत. देव आनंद १९२३ चे. मुलगा आईपेक्षा पाच वर्षांनी मोठा, आणि समोर हेमामालिनी, जी त्याच्यापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान.

राखीचं उदाहरण मला सगळ्यात जास्त लागतं. १९८१ च्या 'बरसात की एक रात'मध्ये ती अमिताभची बायको आहे. १९८२ च्या 'शक्ती'मध्ये ती अमिताभची आई. एका वर्षात. ती ३५ ची, तो चाळिशीला टेकलेला, म्हणजे मुळात तीच पाच वर्षांनी लहान. आणि 'शक्ती'त तिचा नवरा कोण, तर दिलीपकुमार, जे तिच्याहून पंचवीस वर्षांनी मोठे. या एका वर्षात राखीचं वय एका वर्षाने वाढलं, अमिताभचंही एकानेच वाढलं, मग ती एका पिढीने पुढे कशी गेली? शेफाली शहाचं तर तरुणपणीच झालं हे, 'वक्त'मध्ये, २००५ साली, अक्षयकुमारची आई, ती तिशीच्या सुरुवातीची, तो ३७ चा.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करते, आईचा रोल म्हणजे कमीपणा असं माझं म्हणणं नाही. नर्गिस 'मदर इंडिया'त सुनील दत्तची आई झाली तेव्हा दोघांच्या वयात पाच दिवसांचं अंतर होतं, दोघेही जून १९२९ चे, पण तो सिनेमा त्या आईचा होता, तिच्या तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत, गोष्ट तिच्याबरोबर चालते. संजीवकुमार पण स्वतःच्या वयाच्या हिरोंचे बाप झाले, 'त्रिशूल'मध्ये अमिताभचे बाप, अंतर चार वर्षांचं, पण त्या बापाशिवाय तो सिनेमा उभाच राहत नाही, अर्धी टक्कर त्यांच्याशी आहे. तेव्हा आई झाली हे दुखणं नाही, आई झाल्यावर तिला स्वतःची गोष्ट उरत नाही हे दुखणं आहे, ती दार उघडते, देवाला हात जोडते, मुलाला गोळी लागली की किंचाळते.

आता हे असं का होतं ते सांगते, कारण हे बाहेरच्यांना सहसा दिसत नाही. लोकांना वाटतं तरुण आई घेतात कारण म्हाताऱ्या नट्यांना झेपत नाही, किंवा दिग्दर्शकाला वयाचा हिशोब कळत नाही. हिशोब त्यांना छान कळतो. हिरो पन्नाशीचा आहे आणि त्याला पडद्यावर तिशीचा दिसायचंय. त्याची खरी आई शोभेल अशी पंचाहत्तरीची नटी शेजारी उभी केली की काय होतं, तर बघणाऱ्याचं डोकं आपोआप मोजतं, आई एवढी म्हणजे मुलगा पन्नाशीचा असणार. तिच्या जागी अठ्ठेचाळीसची बाई उभी करून तिला थोडी पिकवली की तोच मुलगा पंचवीस-तिशीचा वाटायला लागतो. हिरोईनचं पण तेच, बावीस-पंचवीसची मुलगी त्याच्या हातात हात घालून नाचली की तो पन्नाशीचा नाही असं आपण धरून चालतो. म्हणजे त्याच्या दोन्ही बाजूंना ज्या बायका उभ्या आहेत त्या दोघींची वयं त्याच्या वयाची दुरुस्ती करायला वापरलेली असतात, एक खरी आहे त्यापेक्षा म्हातारी दाखवून आणि एक खरोखरच लहान घेऊन. आणि चाळीस ते साठ या वयातली बाई, जी खरं म्हणजे त्याच्या जोडीची, तिला या फ्रेममध्ये जागाच नाही, कारण ती शेजारी आली की त्याचं वय उघडं पडतं. ती गायब होते ती इथे.

आमच्या टेबलावर हे कसं दिसतं ते पण सांगते. काही वर्षांपूर्वी एका मालिकेत माझ्याकडे एक नटी होती, वय ३४, तिला २८ वर्षांच्या हिरोची आई करायचं होतं. लूक टेस्टला तिच्या कानशिलावरच्या बटा पिकवायच्या होत्या. हे काम सोपं वाटतं पण नुसता पांढरा रंग लावला तर लाइटखाली तो निळसर मारतो, राखेसारखा दिसतो, म्हणून त्यात थोडा पिवळसर रंग मिसळावा लागतो, आणि तो बोटाने नाही, टूथब्रशने नाहीतर मस्काऱ्याच्या जुन्या ब्रशने मुळाकडून टोकाकडे ओढायचा, म्हणजे केस चिकटत नाहीत, सुटे दिसतात. मी तासभर खपून अगदी दोन बटा केल्या, खऱ्या पंचेचाळिशीच्या बाईच्या असतात तशा. बघून वरून निरोप आला, अजून वाढवा. वाढवल्या. परत आला, अजून. चौथ्या वेळी भांगाच्या दोन्ही बाजूंना रुंद पट्टे झाले होते. मेकअपदादांनी तोवर डोळ्यांखाली लेटेक्स लावलं होतं, म्हणजे कातडी बोटाने ताणून धरायची, वर लेटेक्स थोपटायचं, ड्रायरने वाळवायचं, पावडर मारायची आणि मग सोडायची, की आपोआप बारीक सुरकुत्या पडतात. चेहरा साठीचा झाला आणि हात चौतीसचेच राहिले, कारण हातांना कोणाला वेळ नव्हता. तुम्ही कधी मालिका बघताना नुसते आईचे हात बघा, पूजेचं ताट धरलेले, चहा देताना, चेहऱ्याशी जुळतच नाहीत.

दुसरा मुद्दा, निसर्ग. त्याच इमारतीत, दोन दारं सोडून पुरुषांची मेकअप रूम असते. तिथे काय चालतं हे पोस्ट लिहिणाऱ्यानं बघितलं असतं तर 'निसर्ग' हा शब्द त्याने वापरला नसता असं मला मनापासून वाटतं.

चाळिशी-पन्नाशीतल्या नायकाच्या केसांना दर दहा-पंधरा दिवसांनी रंग लागतो, कारण मुळाशी पांढरी रेघ दिसली की क्लोजअपमध्ये लगेच कळते. टाळूवर केस विरळ असतील तर केसांच्याच रंगाचा भुगा शिंपडून डोक्याची कातडी झाकतात, जास्तच विरळ असतील तर पॅच बसवतात, पॅचची पुढची कड जाळीची असते ती कपाळावर चिकटवून वर रंग मिळवायचा, उन्हात घाम आला की ती कड सुटते म्हणून दर शॉटच्या आधी बघावं लागतं. दाढीला रंग, भुवयांना रंग. लाइट समोरून आणि मऊ, म्हणजे डोळ्यांखालच्या सावल्या जातात, कॅमेरा किंचित वर, म्हणजे हनुवटीखालचं दिसत नाही. आणि हे सगळं करून जे राहतं ते शूटिंग संपल्यावर काँप्युटरवर फ्रेम-फ्रेम पुसतात, त्याचा वेगळा खर्च बजेटमध्ये असतो.

मी याच्या विरोधात नाही. माझं पोट त्यावरच आहे आणि कोणाला केस रंगवावेसे वाटले तर त्यात काहीच वाईट नाही. पण मग हा रुबाब वयाबरोबर आला असं म्हणू नका, तो पहाटे पाचच्या कॉलला येऊन चार माणसांनी बसवलेला असतो. एकाच युनिटमध्ये, एकाच सकाळी, एका खोलीत ३४ वर्षांच्या बाईचे केस पिकवायचं काम चालू असतं आणि दुसऱ्या खोलीत ५० वर्षांच्या माणसाचे काळे करायचं. दोघांना जसे आले तसे कॅमेऱ्यासमोर सोडा आणि मग निसर्गाचं काय म्हणणं आहे ते बघू.

आणि जिथे खरोखर म्हातारी बाईच गोष्टीच्या मध्यभागी असते तिथे तरी? 'सांड की आँख' आला २०१९ मध्ये, साठीनंतर बंदूक हातात घेतलेल्या दोन आज्यांची खरी गोष्ट, उत्तर प्रदेशातल्या. त्या आज्या कोण झाल्या, तर तापसी पन्नू आणि भूमी पेडणेकर, दोघी तेव्हा तिशीच्या आसपासच्या. केस पांढरे करून, सुरकुत्या लावून. तेव्हा नीना गुप्ता उघडपणे बोलल्या होत्या की आमच्या वयाचे रोल तरी आम्हाला द्या. त्या दोघींनी मन लावून काम केलं, त्यांच्यावर माझा राग नाही. पण म्हातारी बाई हवी असली तरी म्हातारी नटी नको असते, हे त्यात इतकं सरळ दिसतं की वेगळं सांगायला लागू नये.

पहिला मुद्दा, पब्लिक. हिंदीत सिनेमा उभा कसा राहतो ते थोडक्यात. आधी हिरो 'हो' म्हणतो. त्याच्या नावावर पैसे उभे राहतात, टीव्हीचे, ओटीटीचे, गाण्यांचे हक्क विकले जातात, कित्येकदा शूटिंग पूर्ण व्हायच्या आधी. त्याच्या नावावर किती स्क्रीन मिळणार हे ठरतं. हिरोईन त्यानंतर ठरते, आणि ती ठरवताना हिरोचं मत लागतं. आई सगळ्यात शेवटी, कधीकधी शूटिंगच्या आठ दिवस आधी. या सगळ्यात प्रेक्षक कुठे आला? तो शुक्रवारी येतो आणि समोर जे तीन सिनेमे लागलेत त्यातला एक निवडतो. पन्नाशीची बाई मध्यभागी असलेला चौथा सिनेमा तिथे लागलेलाच नसतो, मग तो त्याने नाकारला असं कसं म्हणायचं?

आणि जेव्हा लागला तेव्हा काय झालं ते आपल्याच घरात बघा ना. 'बाईपण भारी देवा', ३० जून २०२३. सहा बहिणी, मंगळागौरीची स्पर्धा. रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते, सुकन्या मोने, सुचित्रा बांदेकर, शिल्पा नवलकर, दीपा परब. वंदनाताई तर तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या. हिरो नाही. आणि त्या सिनेमाने ७५ कोटींच्या वर धंदा केला, मराठीत तोवर 'सैराट'नंतर एवढा धंदा करणारा तोच. मी स्वतः ठाण्यात दुपारचा खेळ बघायला गेले तर बाहेर नऊवारी नेसून, नथी घालून आलेल्या बायका, भिशीचे ग्रुप, महिला मंडळं, कोणी सुनेला घेऊन आलेलं, कोणी सासूला, आणि शेवटच्या गाण्याला पुढच्या मोकळ्या जागेत फुगडी सुरू झाली. माझ्या शेजारी बसलेल्या काकू सांगत होत्या की मी थेटरात नऊ वर्षांनी आले. हे पब्लिक नऊ वर्षं कुठे होतं? घरीच होतं. त्यांच्यासाठी कोणी काही केलं नव्हतं.

यातल्या रोहिणीताईंचंच बघा. १९८२ च्या 'गांधी'त कस्तुरबा, बाफ्टा मिळवलं त्यासाठी. आणि १९९० च्या 'अग्निपथ'मध्ये अमिताभची आई, जो त्यांच्यापेक्षा बराच मोठा. हिंदीने त्यांना तेव्हाच एका पिढीने पुढे ढकललं होतं आणि तेहतीस वर्षांनी मराठीत त्या खरोखर त्या वयाच्या झाल्यावर लोकांनी रांगा लावल्या.

हिंदीत पण आहेत उदाहरणं. 'इंग्लिश विंग्लिश' २०१२, श्रीदेवी ४९ वर्षांची, पुण्याची शशी गोडबोले, लाडू करून विकणारी. 'बधाई हो' २०१८, नीना गुप्ता साठीला आलेल्या, पन्नाशीत दिवस गेलेली बाई, शंभर कोटींच्या वर गेला. आणि त्याच्या एकच वर्ष आधी नीना गुप्तांनी इन्स्टाग्रामवर लिहिलं होतं की मी मुंबईत राहते, चांगली नटी आहे, मला काम हवंय. पस्तीस वर्षांच्या आसपास काम केलेल्या बाईला असं लिहावं लागलं. शंभर कोटी देणारं पब्लिक त्या दिवशी पण होतंच.

एक मर्यादा मी सांगते, म्हणजे कोणी म्हणायला नको की गोड-गोड बोलते. असे सिनेमे पडतात पण, सगळे चालत नाहीत. फरक एवढाच की मोठ्या हिरोचा सिनेमा पडला तर 'स्क्रिप्ट फसलं' म्हणतात आणि त्याचा पुढचा सुरू असतोच. बाईचा पडला की 'बायकांचे सिनेमे चालत नाहीत' म्हणतात आणि पुढच्या पाच बायकांच्या फाइली बंद होतात. म्हणूनच शेफाली शहा 'दिल्ली क्राइम'ला भेटली, सुश्मिता सेन 'आर्या'ला, ओटीटीवर. तिथे शुक्रवारच्या ओपनिंगचा धाक नाही, लोक आठ-आठ तास बघतात, त्यामुळे नटी कशी दिसते यापेक्षा ती काय करते यावर सगळं चालतं. 'वक्त'मध्ये तिशीच्या सुरुवातीलाच अक्षयची आई झालेली बाई पंचेचाळिशीत डीसीपी होऊन मालिका खांद्यावर घेते आणि ती मालिका आंतरराष्ट्रीय एमी घेऊन येते.

चौथ्याला फार वेळ देत नाही. शर्मिला टागोर लग्नानंतर काम करत राहिली, डिंपल परत आली, श्रीदेवी पंधरा वर्षांनी परत आली, माधुरी आली. ज्या परत येत नाहीत त्यांतल्या काहींना खरंच नको असतं, त्यांचा तो हक्क आहे. पण हिरोने लग्न केलं, मुलं झाली, तर त्याला कोणी विचारतं का की आता काय करणार? मी सेटवर बाळाला पाजायला वेगळी खोली मागणाऱ्या नटीला 'मग मालिका कशाला घेतली' हे ऐकताना पाहिलंय, बोलणारा माणूस स्वतः दोन मुलांचा बाप होता. अशा ठिकाणाहून बाई निघून गेली तर ती 'स्वतः' गेली असं मी म्हणणार नाही.

पाचवा, ज्याच्यासाठी मी खरं तर एवढं टाइप करत बसले.

अमेरिकेत येल विद्यापीठाच्या बेका लेव्ही म्हणून संशोधक आहेत, त्यांचा २००२ चा अभ्यास आहे. ओहायो राज्यातल्या एका गावातल्या पन्नाशीपुढच्या ६६० माणसांना १९७५ मध्ये विचारलं होतं की तुम्हाला स्वतःच्या म्हातारपणाबद्दल काय वाटतं, वय वाढतं तसा माणूस निकामी होतो असं वाटतं का वगैरे. मग पुढची वीस-तेवीस वर्षं कोण किती जगलं ते बघितलं. ज्यांचं मत बरं होतं ते सरासरी साडेसात वर्षं जास्त जगले, आणि वय, बाई-पुरुष, पैसा, एकटेपणा, तब्येत हे सगळं हिशोबात धरूनसुद्धा फरक राहिला. यावरून सिनेमा बघून कोणी मेलं असं सिद्ध होत नाही, तो अभ्यास सिनेमाचा नव्हताच. पण म्हातारपणाबद्दलची मतं आपण कुठून आणतो? कोणी वर्गात बसून शिकवत नाही. ती रोज रात्री साडेसात ते दहा समोर चालू असतात, आणि लहानपणापासून, आपण स्वतः म्हातारे व्हायच्या कितीतरी आधीपासून आत जात असतात, तेव्हा आपल्याला वाटतं हे दुसऱ्या कोणाबद्दल आहे. मग एक दिवस ते आपल्याबद्दल होतं.

मी ते माझ्या खुर्चीत रोज ऐकते. सेटवरचं काम नसेल तेव्हा मी घरी बायकांचे केस करते. त्रेचाळीस वर्षांची बाई येते, बँकेत नोकरी, मुलगी दहावीत, आणि म्हणते जरा खांद्यापर्यंत कापायचे होते पण नको, आता शोभत नाही. कोणी ठरवलं? तिला सांगता येत नाही. पंचेचाळीसची म्हणते लाल नको, या वयात लोक काय म्हणतील. तिच्याच वयाचा तिचा नवरा बाहेर बाइकवर थांबलेला असतो, जीन्स, गॉगल, त्याला हा प्रश्न पडलेलाच नाही. दोघं घरी एकच टीव्ही बघतात. त्याला त्यात त्याच्या वयाचा माणूस हेलिकॉप्टरला लटकलेला दिसतो आणि तिला तिच्या वयाची बाई दारात आरती घेऊन उभी असलेली दिसते. आणि पुरुषांचं पण यात भलं नाहीये बरं का, साठीला गुडघे दुखणारच असतात, पण तसा माणूस त्याला पडद्यावर कधी भेटलेलाच नसतो म्हणून आमच्याकडे कितीतरी काका डॉक्टरकडे जायचंच टाळतात.

ती ३४ वर्षांची नटी, जिचे मी केस पिकवले होते, ती पॅकअपनंतर घाईत असायची, कारण मुलीला पाळणाघरातून घ्यायचं असे. कोल्ड क्रीमने रंग पुसला तरी मुळात थोडा राहायचा, तो शांपूशिवाय जात नाही. एकदा दुसऱ्या दिवशी तिने मला सांगितलं, काल मुलीने विचारलं, आई, तू रोज आजीचे केस लावून का येतेस. साडेपाच वर्षांची मुलगी. आणि रिक्षातून येताना एका हिरोचं होर्डिंग दिसलं, पन्नाशी उलटलेला हिरो, तर त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाली, हा दादा मला आवडतो.

त्या दिवसानंतर तिने एक अट घातली की पट्टे नाही, दोनच बटा, आणि हात पण रंगवा नाहीतर चेहरा पण साधा ठेवा. दोन दिवस कुरकुर झाली. मग मान्य केलं, कारण तोपर्यंत साठ एपिसोड झाले होते आणि आई बदलणं परवडत नव्हतं. टीआरपीला काही झालं नाही. आता नवीन लूक टेस्टला मी पण आधी विचारते की हिचं खरं वय किती आणि हिच्या मुलाचं खरं वय किती, दोन्ही आकडे माझ्या वहीत लिहून ठेवते, आणि कोणी 'अजून पिकवा' म्हणालं की ती वही समोर ठेवते. कधी ऐकतात, जास्त वेळा ऐकत नाहीत. वहीत आत्तापर्यंत २३ जोड्या झाल्यात, त्यातल्या अकरांमध्ये आई दहा वर्षांनीसुद्धा मोठी नाही आणि चारांमध्ये ती मुलापेक्षा लहान आहे.

चुलतभावाला हे सगळं त्याच ग्रुपवर टाकणार आहे. त्याची आई, म्हणजे आमची काकी, पण त्या ग्रुपवर आहे, ६६ ची आहे, आणि 'बाईपण' तिने तीनदा बघितलाय.